चार पर्याय, तीन बरोबर उत्तरे

बारावी कॉमर्सच्या एखाद्या शिकवणीत फळ्यावर हा प्रश्न लिहून पाहावा : खालीलपैकी कोणते व्यवस्थापनाचे कार्य नाही? पर्याय चार. नियोजन, कर्मचारी व्यवस्थापन, समन्वय, नियंत्रण. प्रश्न पाठांतराचा आणि सोपा वाटतो. पण ज्याने फ्रान्सच्या हेन्री फेयॉल यांची यादी पाठ केली आहे, तो ‘कर्मचारी व्यवस्थापन’ म्हणेल. अमेरिकेच्या ल्यूथर गुलिक यांची यादी लक्षात असलेला ‘नियंत्रण’ निवडेल. हॅरॉल्ड कूंट्झ यांच्या मांडणीवर शिकलेला ‘समन्वय’ सांगेल. तिघेही आपापल्या पुस्तकानुसार बरोबर आहेत. महाराष्ट्र राज्य मंडळाचे बारावीचे पुस्तक वाचून आलेला विद्यार्थी मात्र गोंधळात पडेल, कारण त्याच्या पुस्तकात ही चारही व्यवस्थापनाचीच कार्ये आहेत.

व्यवस्थापनशास्त्राच्या परीक्षांमध्ये ही अडचण वारंवार येते. भौतिकशास्त्रात न्यूटनचा दुसरा नियम कोणत्याही पुस्तकात तोच असतो. व्यवस्थापनात ‘कार्ये किती’, ‘नियंत्रणाची पहिली पायरी कोणती’, ‘टेलर यांची तत्त्वे किती’ या प्रश्नांची उत्तरे लेखकागणिक थोडी बदलतात. वर्गात ही मतभिन्नता समजून घेणे चांगलेच. परीक्षेच्या संगणकावर मात्र चारांतला एकच गोल निवडायचा असतो, आणि तपासणाऱ्या यंत्रणेकडे एकच उत्तर नोंदलेले असते. ते उत्तर कोणते असेल, हे ओळखण्याची रीत आहे. त्यासाठी आधी हे फरक पडले कसे, ते पाहावे लागते. फरकाचे कारण समजले की यादी पाठ करण्याचा अर्धा भार हलका होतो.

फेयॉल हे खाणीतले इंजिनिअर. १८६० मध्ये कोमान्त्री इथल्या कोळसा खाणीत ते नोकरीला लागले आणि १८८८ मध्ये त्या कंपनीचे सर्वोच्च व्यवस्थापक झाले. दीर्घ अनुभवानंतर १९१६ मध्ये त्यांनी आपली मांडणी प्रसिद्ध केली आणि व्यवस्थापनाची पाच कार्ये सांगितली : नियोजन, संघटन, आज्ञा देणे, समन्वय आणि नियंत्रण. कर्मचारी निवडणे, त्यांना तयार करणे ही कामे त्यांना बिनमहत्त्वाची वाटत होती असे मुळीच नाही. त्यांचा विचार त्यांनी संघटनातच केला. माणसांची रचना उभी करणे म्हणजेच संघटन, मग माणसे निवडण्याला वेगळे नाव कशाला, अशी ती बैठक होती.

गुलिक यांचे काम वेगळ्या ठिकाणी चालले होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सरकारी कारभाराच्या फेररचनेसाठी समिती नेमली, तिचे ते सदस्य होते. १९३७ मध्ये लिंडल अर्विक यांच्यासोबत संपादित केलेल्या ग्रंथात त्यांनी प्रशासकीय प्रमुखाची सात कामे सांगितली आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून ‘पोस्डकॉर्ब’ हा शब्द तयार केला : नियोजन, संघटन, कर्मचारी नेमणूक, निर्देशन, समन्वय, अहवाल देणे आणि अंदाजपत्रक. सरकारी कारभारात पैशांवर लक्ष ठेवणे म्हणजेच कारभारावर लक्ष ठेवणे. त्यामुळे गुलिक यांनी हिशेब आणि नियंत्रण अंदाजपत्रकाच्या खात्यात घातले. पोस्डकॉर्बमध्ये ‘नियंत्रण’ हे स्वतंत्र नाव सापडत नाही, ते यामुळे.

यानंतर १९५५ मध्ये हॅरॉल्ड कूंट्झ आणि सिरिल ओडॉनेल यांचे पाठ्यपुस्तक आले. त्यांनी नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन आणि नियंत्रण ही पाच कार्ये धरली. समन्वय यादीतून बाहेर गेला, पण तो खालच्या पायरीवर गेला म्हणून नव्हे. या लेखकांच्या मते समन्वय हे व्यवस्थापनाचे सारच आहे. व्यवस्थापक नियोजन करतो, माणसे नेमतो, त्यांना दिशा देतो, ते सगळे प्रयत्नांचा मेळ बसावा म्हणूनच. जे पाचही कामांमध्ये भिनलेले आहे, ते सहावे काम म्हणून मोजायचे कसे, हा त्यांचा सवाल. पुढे कूंट्झ यांनी हाइन्झ वाइरिच यांच्यासोबत लिहिलेली आवृत्ती भारतातल्या व्यवस्थापन महाविद्यालयांत घराघरांत पोहोचली. तिथे ‘निर्देशन’च्या जागी ‘नेतृत्व करणे’ आले, संख्या मात्र पाचच राहिली. स्टीफन रॉबिन्स आणि मेरी कोल्टर यांच्या पुस्तकात तर कार्ये चारच आहेत : नियोजन, संघटन, नेतृत्व करणे आणि नियंत्रण. त्यांच्याकडे माणसे नेमणे पुन्हा संघटनात जाऊन बसले आहे.

घरातला किराणा तोच, पण एका घरात हळद-तिखट मसाल्याच्या डब्यात एकत्र असते आणि दुसऱ्या घरात प्रत्येकाला वेगळी बरणी असते, तसे हे आहे. एकाही लेखकाने माणसे नेमण्याचे किंवा लक्ष ठेवण्याचे काम नाकारलेले नाही. कूंट्झ यांनी स्वतः १९६१ मध्ये एका गाजलेल्या लेखात व्यवस्थापनाच्या सिद्धांतांची अवस्था जंगलासारखी झाली आहे असे म्हटले होते, आणि एकच संज्ञा वेगवेगळ्या अर्थांनी वापरण्याची लेखकांची सवय त्यांनी या अवस्थेच्या कारणांमध्ये धरली होती.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हे जंगल दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा पार करावे लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची बोर्डाची परीक्षा. तिथे ‘वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन’, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘ओसी’, या विषयाला बालभारतीचे पुस्तक प्रमाण असते. त्या पुस्तकात व्यवस्थापनाची कार्ये सहा आहेत : नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय आणि नियंत्रण. समन्वयाला तिथे स्वतःचा विभाग आहे, त्याची व्याख्या आणि महत्त्व वेगळे दिले आहे. मग साधारण मे महिन्यात, दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठात प्रवेश हवा असेल तर सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा. २०२२ पासून हे प्रवेश तिच्या गुणांवर होतात. तिच्यातला ‘बिझनेस स्टडीज’ हा विषय एनसीईआरटीच्या बारावीच्या पाठ्यक्रमावर बेतलेला आहे. एनसीईआरटीने कूंट्झ यांची वाट धरली आहे. कार्ये पाच आणि समन्वय हे व्यवस्थापनाचे सार.

मार्चमध्ये ‘समन्वय हे व्यवस्थापनाचे एक कार्य आहे’ या विधानासमोर ‘सत्य’ लिहून गुण मिळवणारी मुलगी मे महिन्यात तशाच अर्थाचा पर्याय निवडते आणि एक गुण गमावते. तिचा अभ्यास कमी पडलेला नसतो. एका परीक्षेचे पुस्तक ती दुसऱ्या परीक्षेत घेऊन गेलेली असते. सीयूईटीत बरोबर उत्तराला पाच गुण आणि चुकीच्या उत्तराला वजा एक, असा हिशेब आहे. म्हणजे अशा एका प्रश्नात बरोबर आणि चूक यांच्यातले अंतर सहा गुणांचे पडते. नावाजलेल्या महाविद्यालयांत प्रवेशाची रेषा याहून कमी फरकावर ठरताना दिसते, म्हणून हे सहा गुण किरकोळ मानता येत नाहीत.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊन तो सीयूईटीच्या पडद्यावर आला आहे असे समजू. उत्तर शोधण्याचा पहिला टप्पा म्हणजे प्रश्नात कोणाचे नाव आहे का ते पाहणे. ‘फेयॉल यांच्या मते’, ‘गुलिक यांच्यानुसार’ असे शब्द असतील तर गोष्ट तिथेच मिटली. मग अभ्यासक्रमाचे पुस्तक काही म्हणो, त्या लेखकाची यादी चालवायची. घाईत वाचणारे विद्यार्थी नेमके हेच दोन शब्द गाळतात, कारण त्यांची नजर थेट पर्यायांवर जाते.

नाव नसेल तर दुसरा टप्पा. परीक्षा कोणत्या पुस्तकावर बेतली आहे ते आठवायचे आणि त्या पुस्तकाची यादी चारही पर्यायांवर धरायची. एनसीईआरटीची पाच कार्ये धरली की नियोजन, कर्मचारी व्यवस्थापन आणि नियंत्रण यादीत सापडतात, समन्वय उरतो. एकच पर्याय उरला याचा अर्थ यादी आणि प्रश्न एकमेकांशी जुळले. उत्तर ‘समन्वय’.

तिसरा टप्पा पडताळणीचा आहे आणि बहुतेक जण तो करतच नाहीत. त्यात उलट दिशेने विचार करायचा : प्रश्न काढणाऱ्याच्या टेबलावर दुसरे एखादे पुस्तक असते, तर त्याने हे चार पर्याय दिले असते का? रॉबिन्स यांचे पुस्तक असते, तर कर्मचारी व्यवस्थापन आणि समन्वय हे दोन्ही यादीबाहेर राहतात. दोन उत्तरांचा प्रश्न कोणी मुद्दाम काढत नाही, म्हणून रॉबिन्स बाद. बालभारतीचे पुस्तक असते तर एकही पर्याय बाहेर राहत नाही, म्हणून तेही बाद. उरले फेयॉल, गुलिक आणि कूंट्झ-एनसीईआरटी. यातल्या पहिल्या दोघांच्या याद्या इतक्या त्यांच्या स्वतःच्या आहेत की त्यांच्यावरचा प्रश्न सहसा नावासकट येतो. राहिले एकच पुस्तक. दुसऱ्या टप्प्यावर मिळालेल्या उत्तराला अशी दुसऱ्या बाजूने पुष्टी मिळते.

पर्यायांची रचना काय सांगते याकडे लक्ष देण्याचा फायदा असा की पुस्तकाची आठवण पुसट असली तरी काम भागते. चुकीचे पर्याय हवेतून येत नाहीत. प्रश्नकर्ता विद्यार्थ्याला मोह पडेल असा पर्याय शोधतो, आणि तसा पर्याय बहुधा दुसऱ्या एखाद्या पुस्तकातले बरोबर उत्तर असते. ‘समन्वय’ हा पर्याय एनसीईआरटीवर प्रश्न काढणाऱ्याने ठेवला, तर तो जाणूनबुजून ठेवलेला असतो. समन्वय हे सार आहे, स्वतंत्र कार्य नाही, हा त्या पुस्तकातला ठळक मुद्दा आहे आणि विद्यार्थी तो वाचून आला आहे का हे त्याला तपासायचे असते.

हीच रीत नियंत्रणाच्या प्रक्रियेवर लावून पाहण्यासारखी आहे, कारण तिथे फरक अधिक बारीक आहे. प्रश्न असा : नियंत्रण प्रक्रियेतील पहिली पायरी कोणती? एनसीईआरटी पाच पायऱ्या सांगते. कामगिरीची मानके ठरवणे, प्रत्यक्ष कामगिरी मोजणे, तिची मानकांशी तुलना करणे, तफावतीचे विश्लेषण करणे आणि सुधारणा करणे. कूंट्झ यांच्याकडे पायऱ्या तीन आहेत. मानके ठरवणे, त्यांच्या आधारे कामगिरी मोजणे आणि तफावत दुरुस्त करणे. मधल्या पायऱ्या त्यांनी एकत्र केल्या आहेत, पण सुरुवात तीच. रॉबिन्स यांच्याकडेही पायऱ्या तीनच आहेत, पण वेगळ्या : प्रत्यक्ष कामगिरी मोजणे, मानकाशी तुलना करणे आणि व्यवस्थापकाने कृती करणे. मानके ठरवण्याची पायरी तिथे नाही.

याचे कारण रॉबिन्स यांच्या मांडणीत स्पष्ट आहे. मानके म्हणजे नियोजनात ठरवलेली उद्दिष्टेच. नियंत्रण सुरू होते तेव्हा ती आधीपासून हातात असतात. एखाद्या बिस्किटांच्या कारखान्यात दर पाळीत किती पेट्या निघाल्या पाहिजेत, हे महिन्याच्या आराखड्यातच ठरलेले असते. पर्यवेक्षक पाळी संपल्यावर पेट्या मोजायला लागतो तिथून रॉबिन्स यांचे नियंत्रण सुरू होते. कूंट्झ यांच्या मते मात्र तो आकडा ठरवण्यापासूनच नियंत्रणाची सुरुवात होते. कारखान्यातले काम दोघांच्याही पुस्तकात एकच आहे. नियोजन कुठे संपले आणि नियंत्रण कुठे सुरू झाले, ती रेघ दोघांनी वेगळ्या ठिकाणी ओढली आहे.

परीक्षेत याचे काय करायचे? पर्यायांत ‘मानके ठरवणे’ आहे का ते पाहायचे. असेल, आणि प्रश्नात रॉबिन्स यांचे नाव नसेल, तर तेच उत्तर. सीयूईटीत तर शंकेला जागाच नाही, कारण तिथले पुस्तक तेच सांगते. पर्यायांत ‘मानके ठरवणे’ नसून मोजमाप, तुलना आणि व्यवस्थापकीय कृती असे पर्याय असतील, तर प्रश्न रॉबिन्स यांच्या पुस्तकावरून आला आहे आणि उत्तर मोजमाप. ‘व्यवस्थापकीय कृती’ हा शब्दप्रयोगही पुस्तकाची खूण आहे, कारण दुसरीकडे त्या जागी सुधारणा किंवा दुरुस्ती असे शब्द असतात. पर्यायांतले शब्द कोणत्या पुस्तकाचे आहेत हे ओळखता आले, तर उत्तर कोणते अपेक्षित आहे हेही बरेचदा त्यातूनच कळते.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पायऱ्या ‘किती’ असे विचारले तर प्रत्येक पुस्तकाचे उत्तर वेगळे. पण चार-पाच पायऱ्या देऊन ‘योग्य क्रम लावा’ असे विचारले तर वाद उरत नाही. मोजमापाच्या आधी तुलना किंवा सुधारणेनंतर विश्लेषण कोणत्याच पुस्तकात येत नाही. म्हणून क्रमाच्या प्रश्नांना घाबरण्याचे कारण नाही. सावध राहायचे ते संख्येच्या आणि ‘यापैकी नसलेले’ ओळखण्याच्या प्रश्नांपाशी. अभ्यासाचा वेळ मोजका असेल तर याच दोन प्रकारांच्या संज्ञा आधी हाताखालून घालाव्यात.

फ्रेडरिक टेलर यांच्या बाबतीत संख्येचा घोळ असाच होतो. एनसीईआरटी वैज्ञानिक व्यवस्थापनाची चार तत्त्वे देते. ‘मानसिक क्रांती’ तिथे मालक-कामगार सुसंवादाच्या तत्त्वाखाली समजावली आहे. बालभारतीच्या यादीत ती स्वतंत्र तत्त्व म्हणून येते. खुद्द टेलर यांनी ही कल्पना ठळकपणे मांडली ती १९११ च्या आपल्या पुस्तकानंतर, १९१२ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे साक्ष देताना. तिला वेगळे तत्त्व मानायचे की सुसंवादाचा पाया, हे पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी नंतर आपापल्या परीने ठरवले. बोर्डाच्या पेपरात बालभारती, सीयूईटीत एनसीईआरटी, इतके पाळले की इथला गोंधळ संपतो.

खरी कसोटी लागते ती जिथे कोणतेच पुस्तक नेमलेले नाही अशा परीक्षेत. प्राध्यापकपदासाठीची यूजीसी-नेट आणि महाराष्ट्र-गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते ती सेट, या दोन्ही परीक्षांत अभ्यासक्रम दिलेला असतो, पुस्तक दिलेले नसते. मग आधार कशाचा घ्यायचा? अभ्यासक्रमातल्या शब्दांचा. नेटच्या ‘व्यवस्थापन’ विषयाच्या पहिल्याच घटकात कार्ये लिहिली आहेत ती अशी : नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, समन्वय आणि नियंत्रण. पाच कार्ये आहेत, पण निर्देशन नाही आणि समन्वय आहे. ही यादी वर पाहिलेल्या एकाही लेखकाच्या यादीशी तंतोतंत जुळत नाही. या परीक्षेत समन्वय हे कार्य नाही असे गृहीत धरून चालणे म्हणूनच धोक्याचे. सीयूईटीसाठी पक्का केलेला नियम इथे उलटू शकतो.

अशा वेळी पुस्तकांची उतरंड लावावी लागते. आधी प्रश्नातले नाव, मग अभ्यासक्रमातले शब्द, मग त्या विषयात सर्वाधिक शिकवले जाणारे पुस्तक, आणि शेवटी मूळ लेखक. नेटमध्ये मूळ लेखकांचे महत्त्व बोर्डाच्या परीक्षेपेक्षा जास्त आहे, कारण तिथे लेखक आणि संकल्पना यांच्या जोड्या लावण्याचे प्रश्न येतात. जोड्यांमध्ये फेयॉलसमोर आज्ञा देणे आणि गुलिकसमोर अंदाजपत्रक हे एका नजरेत ओळखता आले पाहिजे. तिथे चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे दोन पर्यायांत अडकलेला प्रश्न रिकामा सोडण्यात काहीच अर्थ नाही.

वजा गुण असलेल्या सीयूईटीतही हिशेब फार वेगळा नाही. समजा, दोन पर्यायांपर्यंत येऊन थांबावे लागले असे दहा प्रश्न आहेत आणि त्यातले निम्मे बरोबर आले. पाच बरोबर म्हणजे पंचवीस गुण, पाच चुकले म्हणजे वजा पाच. हातात वीस राहतात. दहाही सोडले असते तर शून्य. दोन पुस्तकांत अडकलेला प्रश्न सोडून देण्यापेक्षा परीक्षेच्या पुस्तकाच्या बाजूने कौल देणे केव्हाही फायद्याचे.

तयारी करताना एक साधी वही उपयोगी पडते. प्रत्येक संज्ञेसाठी एक पान. वर परीक्षेच्या पुस्तकातली व्याख्या किंवा यादी, त्या पुस्तकाच्याच शब्दांत. खाली, वेगळ्या शाईत, बाकीच्या पुस्तकांत काय कमी-जास्त आहे ते आणि का. ‘गुलिक : नियंत्रण नाही, अंदाजपत्रकात आले’ इतकी एक ओळ पुरते. बाजारातल्या गाइडमधून आणि नोट्समधून या याद्या कालवून एकत्र केलेल्या दिसतात. सात कार्ये, खाली लेखकाचे नाव नाही, त्यात निर्देशन आणि नेतृत्व दोन्ही. असे पान दिसले की ते कोणत्याच पुस्तकाचे नाही हे ओळखावे आणि त्यावरून पाठ करू नये. एनसीईआरटीची पुस्तके संस्थेच्या संकेतस्थळावर आणि बालभारतीची ई-बालभारतीवर मोफत वाचायला मिळतात. त्यामुळे गाइडवर विसंबण्याची गरजही राहिलेली नाही.

मराठीतून सीयूईटी देणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायला हवी. ही परीक्षा मराठीसह तेरा भाषांत देता येते, पण भाषांतरात संदिग्धता आढळली तर इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जातो. त्यामुळे पाच कार्यांची इंग्रजी नावे ओळखीची असणे हिताचे आहे.

इतके करूनही एखादा प्रश्न असा निघतो की त्याची दोन उत्तरे दोन प्रमाण पुस्तकांत सापडतात आणि प्रश्नात कोणाचे नाव नसते. दोष तेव्हा विद्यार्थ्याचा नसतो, प्रश्नाचा असतो. त्यासाठी हरकतीची सोय आहे. परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरतालिका जाहीर होते, सोबत उमेदवाराने दिलेली उत्तरेही दिसतात. प्रत्येक प्रश्नामागे ठरावीक शुल्क भरून हरकत घेता येते. मुदत मात्र अगदी थोड्या दिवसांची असते. हरकतीत ‘माझे उत्तर बरोबर आहे’ एवढेच लिहून उपयोग नाही. नेमलेल्या पुस्तकाचे नाव, आवृत्ती, पृष्ठ आणि त्या पानाचे छायाचित्र जोडावे लागते. सीयूईटीसाठी एनसीईआरटीच्या पानाची जागा रॉबिन्स किंवा कूंट्झ यांच्या पानाने भरून निघेल असे समजू नये, आणि बालभारतीचे पान तर तिथे लागूच होत नाही. नेटमध्ये मात्र दोन नामवंत पुस्तकांतला विरोध दाखवणे हाच बळकट मुद्दा ठरतो. सीयूईटीत एकाहून अधिक पर्याय बरोबर असल्याचे तज्ज्ञांनी मान्य केले, तर त्यातला कोणताही पर्याय निवडणाऱ्यांना गुण मिळतात.

पण हरकतीची वेळ येऊ न देणे प्रश्न काढणाऱ्यांच्या हातात आहे, आणि त्यासाठी लागतात दोन-तीन शब्द. ‘फेयॉल यांच्या मते’ किंवा ‘कूंट्झ आणि ओडॉनेल यांच्यानुसार’ एवढे लिहिले की सुरुवातीच्या त्या चार पर्यायांना एकच उत्तर राहते. ज्या विषयात चांगल्या पुस्तकांचेही एकमत नाही, त्यात नाव न लिहिता प्रश्न विचारणे म्हणजे दुसरे पुस्तक मन लावून वाचलेल्या विद्यार्थ्याचे गुण कापणे होय. महाविद्यालयांच्या अंतर्गत चाचण्यांपासून राष्ट्रीय परीक्षांपर्यंत प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सर्व प्राध्यापकांनी व्यवस्थापनाच्या प्रत्येक ‘किती’ आणि ‘कोणते नाही’ प्रश्नात लेखकाचे किंवा पुस्तकाचे नाव घालावे, आणि ज्यांना ते घालता येत नसेल त्यांनी तो प्रश्न पेपरात घेऊ नये.